सायकलचं चाक आधी मोठं का झालं आणि मग लहान का?

पुढे माणसाच्या छातीपर्यंत येणारं अजस्र चाक, मागे जेमतेम गुडघ्याला लागेल एवढंसं चाक आणि वर ताठ बसलेला मिशाळ साहेब. पेनी-फार्दिंग सायकलचं हे चित्र बघून हसू येतं. दोन सारखी चाकं लावावीत एवढी साधी गोष्ट या लोकांना सुचली नसेल का, असं वाटून जातं. गंमत म्हणजे ती आधीच सुचलेली होती. 1817 सालच्या पहिल्या सायकलला दोन्ही चाकं सारखीच होती. पुढचं चाक फुगायला लागलं ते त्यानंतर पन्नासएक वर्षांनी, आणि 1885 नंतर ते परत आकसलं. दोन्ही वेळा त्यामागे रोकडा हिशेब होता. तो हिशेब एकदा लक्षात आला की आजच्या सायकलची चेन आणि हवेचा टायर या दोन गोष्टी लागोपाठच का आल्या, हेही आपोआप कळतं.

सुरुवात जर्मनीतल्या बाडेन संस्थानात झाली. कार्ल फॉन ड्राइस हा तिथला वनाधिकारी. 12 जून 1817 रोजी तो मानहाइम शहरातून श्वेत्झिंगेनच्या रस्त्याने आपलं नवं यंत्र घेऊन निघाला, वाटेतल्या घोडे बदलायच्या ठाण्यापर्यंत गेला आणि परत आला. जाऊन-येऊन चौदाएक किलोमीटरचा हा पल्ला त्याने तासाभरात गाठला. यंत्र म्हणजे एक लाकडी दांडा, त्याखाली एकामागे एक दोन लाकडी चाकं, मधे बसायला गादी आणि पुढचं चाक वळवायला मूठ. वजन साधारण 22 किलो. पायडल नाही, चेन नाही. बसायचं आणि जमिनीला पाय मारत धावायचं. आदल्या वर्षी युरोपात उन्हाळा जवळजवळ पडलाच नव्हता, पिकं बुडाली होती आणि घोड्यांचा दाणा महागला होता. त्यामुळे ड्राइसला घोड्याला पर्याय शोधावासा वाटला, असं काही अभ्यासक मानतात. सगळ्यांना ते पटत नाही.

या यंत्रातली खरी नवलाई लाकडात नव्हती. एका रेषेतल्या दोन चाकांवर माणूस पडत नाही, हे ड्राइसने दाखवून दिलं. पडत नाही ते पुढचं चाक वळतं म्हणून. गाडी डावीकडे कलली की चालवणारा हँडल थोडं डावीकडे वळवतो, चाकं डावीकडे सरकतात आणि पडू पाहणाऱ्या शरीराच्या खाली येऊन उभी राहतात. हे सेकंदागणिक चाललेलं असतं, आपल्याला कळतही नाही. हँडल घट्ट बांधून ठेवलं तर कसलेला सायकलवालासुद्धा काही क्षणांत आडवा होईल. ड्राइसचे पाय जमिनीजवळ असल्यामुळे ही कला न घाबरता शिकता यायची. आज लहान मुलांना बिनपायडलची सायकल देतात ती याचसाठी.

मग पायडल यायला चार-पाच दशकं का लागली? एक कारण रस्ते. गाड्यांच्या चाकोऱ्यांनी खणलेल्या रस्त्यावर हे यंत्र चालेना, म्हणून हौशी मंडळी ते फुटपाथवर आणत. लोक चिडले, मानहाइममध्ये बंदी आली, 1819 मध्ये लंडनमध्ये दंड होऊ लागले आणि फॅशन विरली. दुसरं कारण मला जास्त पटतं. दोन्ही पाय जमिनीवरून उचलून कायम वरच ठेवायचे, हा विचारच तेव्हा भलता वाटत असणार.

1860 च्या दशकात पॅरिसमध्ये कुणीतरी ते धाडस केलं आणि पुढच्या चाकाच्या आसालाच क्रँक आणि पायडल बसवलं. हे कोणी केलं यावर पिएर मिशो आणि पिएर लालमाँ या दोघांच्या बाजूने अजून भांडण चालतं. एवढं नक्की की लालमाँने अमेरिकेत जाऊन 1866 मध्ये पेटंट घेतलं, आणि 1868 च्या सुमाराला मिशोच्या कारखान्यातून पॅरिसच्या रस्त्यांवर भरपूर सायकली येत होत्या. लोखंडी चौकट, लाकडी आरे, त्यावर लोखंडी धाव. इंग्रजांनी तिला हाडं खिळखिळी करणारी म्हणून नाव ठेवलं, ते दगडी फरसबंदीवर लोखंडी धाव कशी चालते हे माहीत असलेल्यांना वेगळं समजवायला नको.

आता मूळ हिशेबाकडे येऊ. पायडल थेट चाकाच्या आसाला जोडलेलं असल्यामुळे पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. मिशोच्या धाटणीच्या सायकलचं पुढचं चाक 36 इंचाचं धरलं, तर त्याचा घेर होतो सुमारे 2.87 मीटर. माणूस आरामात मिनिटाला 60 फेऱ्या मारतो असं धरू. मग मिनिटात 172 मीटर आणि तासाला साधारण 10 किलोमीटर. एवढ्यासाठी जड लोखंडी घोडं कोण हाकणार? पाय दुप्पट वेगाने फिरवले तर वेग वाढेल, पण मिनिटाला 120 फेऱ्या फार वेळ झेपत नाहीत. म्हणजे वेग वाढवायचा एकच मार्ग उरतो, चाक मोठं करायचं. 54 इंचाच्या चाकाचा घेर 4.31 मीटर. त्याच 60 फेऱ्यांत तासाला साडेपंधरा किलोमीटर. पायांचा ताल तोच, वेग दीडपट.

पण 54 इंचाचं चाक लाकडाचं करून बघा. बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यावर येतो. चाकाच्या मधला तुंबा त्या आऱ्यावर अक्षरशः उभा असतो आणि आरा दाबला जातो. दाब सोसायचा तर आरा जाड हवा. चाक मोठं केलं की आरा लांब होतो, आणि लांब आरा दाबाखाली वाकू नये म्हणून तो आणखी जाड करावा लागतो. असं चाक माणसाच्या पायांनी ओढण्याच्या लायकीचं राहत नाही.

यातून वाट काढली ती तारेच्या चाकाने. पॅरिसच्या युजीन मेयरने 1869 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी 1870 मध्ये आपल्या ‘एरियल’ सायकलसाठी अशाच चाकाचं पेटंट घेतलं. कॉव्हेंट्रीचा तो कारखाना मुळात शिवणयंत्रांचा. बारीक, नेमक्या लोखंडी कामाचा हात तिथे आधीच बसलेला होता.

तारेचं चाक कसं चालतं हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पहिल्या नजरेला ते अशक्य वाटतं. दोन मिलिमीटरची तार ढकलायला गेलं तर लगेच वाकते, दाब ती सोसूच शकत नाही. मग माणसाचं वजन कशावर तोललं जातं? युक्ती अशी की सगळ्या तारा आधीच भरपूर ताणून ठेवायच्या. प्रत्येक तार तुंब्याला आपल्या बाजूने खेचत असते आणि सगळ्यांची ओढ एकमेकांना तोलून धरते. आता वजन पडलं की जमिनीजवळची रिम किंचित आत दबते आणि तिथल्या चार-पाच तारांचा ताण थोडा कमी होतो. बाकीच्या तारांना जवळपास काही पत्ताच लागत नाही. खालच्या तारांची खाली ओढणारी ओढ कमी झाली, म्हणजे उरलेल्यांची वर ओढणारी ओढ जिंकली आणि वजन तोललं गेलं. खालची तार दाबली गेली असं कधी होतच नाही, फक्त तिचा ताण सैल होतो. तो संपूर्ण शून्यावर येऊ न देणं हीच सगळी कसब.

म्हणून ताण कमी असलेलं चाक धोक्याचं. दर फेरीला प्रत्येक तार पूर्ण सैल होते, पुन्हा झटक्यात ताणली जाते आणि काही महिन्यांत तुंब्याजवळच्या वळणावर तुटते. आपल्याकडचा सायकलवाला आऊट काढायला बसतो तेव्हा चाक फिरवून बाजूला खडू धरतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कसलेला माणूस त्याबरोबर स्पोकला बोटाने छेडून आवाजही ऐकतो. एकाच बाजूच्या स्पोकांचा आवाज सारखा खणखणीत आला तर ताण सारखा. एखादा भद्द वाजला तर तो सैल, मग चाक वरवर कितीही सरळ फिरत असो.

स्टार्लीने 1874 मध्ये आणखी एक गोष्ट केली. तोवर तारा तुंब्यापासून सरळ रिमकडे जात. पायडलने तुंब्याला पीळ दिला की सरळ तारा आधी थोड्या तिरक्या व्हायच्या आणि मगच रिमला ओढायच्या, म्हणजे ढकलण्यातला जोर पिळात जायचा. स्टार्लीने तारा मुळातच तिरक्या बसवल्या, निम्म्या पुढच्या दिशेला आणि निम्म्या मागच्या, एकमेकींना छेदत. पीळ बसला की अर्ध्या तारा त्याच क्षणी ओढायला लागतात. तुमच्या-आमच्या सायकलच्या मागच्या चाकात स्पोक एकमेकांवरून जातात ते यामुळे.

हलकं, मोठं चाक हातात आल्यावर ते किती मोठं करायचं, हे फक्त एकाच गोष्टीवर अवलंबून राहिलं: चालवणाऱ्याच्या पायाची लांबी. 54 इंचाच्या चाकाची त्रिज्या 27 इंच, त्यात क्रँकचे पाच-सहा इंच मिळवले की 33 इंचांच्या आसपास पाय खाली पोचायला हवा. त्यामुळे सायकल घेताना चपलेसारखं माप देऊन चाक घ्यावं लागे. लांब टांगांचा माणूस मोठं चाक घेणार आणि शर्यत जिंकणार. यात न्याय कुठला?

आणि धोका तर होताच. आसन जवळजवळ पुढच्या आसाच्या डोक्यावर, जमिनीपासून दीड मीटर उंच. चाकाखाली चांगलासा दगड आला की चाक थांबायचं, पण माणूस थांबायचा नाही. तो आसाभोवती गोल फिरून डोक्यावर आपटायचा, आणि मांड्या हँडलच्या दांड्याखाली अडकल्यामुळे उडीही मारता यायची नाही. उतारावर अनुभवी लोक पाय हँडलवरून पुढे टाकून बसत. म्हणजे फेकले गेलो तर निदान पायांवर पडू! पुढच्या चाकावरचा ब्रेक जोरात दाबला तर पुन्हा तेच घडायचं, म्हणजे ब्रेक वापरायलाही भीती. तरीही एवढ्या गाडीवर थॉमस स्टीव्हन्स नावाचा गडी 1884 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि 1886 च्या शेवटी जपानच्या योकोहामाला पोचला. मधे त्याने लाहोर, दिल्ली आणि आग्र्यावरून कलकत्त्यापर्यंत आपला ग्रँड ट्रंक रोडही तुडवला.

तर अडचण अशी होती: वेग हवा तर चाक मोठं, आणि चाक मोठं तर मरण जवळ. ही गाठ सोडवायची तर पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी, हे नातंच तोडायला हवं होतं. ते काम चेनने केलं.

गणित सोपं आहे. समजा पुढच्या चेनव्हीलला 44 दाते आहेत आणि मागच्या चक्राला 18. पायडलच्या एका फेरीत चेनचे 44 दुवे पुढे सरकतात. मागचं चक्र 18 दुव्यांत एक फेरी घेतं, म्हणजे 44 दुव्यांत जवळजवळ अडीच फेऱ्या, नेमकं सांगायचं तर 2.44. मागचं चाक 28 इंचाचं असेल तर ही सायकल 28 गुणिले 2.44, म्हणजे साधारण 68 इंचाच्या पेनी-फार्दिंगएवढी पळते. तेवढं चाक प्रत्यक्षात केलं असतं तर पायाची लांबी 40 इंच लागली असती. अशा टांगा कुणाच्या असतात? मिनिटाला त्याच 60 फेऱ्यांत ही सायकल तासाला साडेएकोणीस किलोमीटर जाते, आणि पाय हवा तेव्हा जमिनीला टेकतो. गिअर किती ‘जड’ हे आजही अनेक सायकलपटू इंचांत सांगतात, ते हेच काल्पनिक चाक. फुकट मात्र काही मिळत नाही. वेग जितक्या पट वाढला तितक्या पटीने जमिनीवरचा जोर कमी होतो, म्हणूनच घाट लागला की 68 इंचाचा गिअर नकोसा होतो.

हे इतकं साधं होतं तर आधीच का नाही केलं? चेन होत्या, पण सायकलला चालतील अशा नव्हत्या. जुन्या चेनमध्ये पातळ पट्टीच्या भोकातून खिळा जायचा आणि सगळा भार त्या पट्टीच्या जाडीएवढ्या काठावर पडायचा. काठ आणि खिळा झिजायचे, भोक लांबट व्हायचं, चेन लांबायची आणि दात्यांवरून घसरायची. मँचेस्टरला स्थायिक झालेला स्विस माणूस हान्स रेनॉल्ड याने 1880 मध्ये यावर उपाय काढला. त्याने खिळ्याभोवती एक नळी, म्हणजे बुश बसवला, त्यामुळे भार खिळ्याच्या पूर्ण लांबीवर पसरला. बुशवर एक मोकळा फिरणारा रोलर घातला, म्हणजे दात्याला चेन घासत नाही, रोलर गडगडत जातो. आजच्या सायकलची चेन याच घराण्यातली.

झीज मात्र पूर्ण थांबली नाही. चेन ‘लांबते’ असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यात खिळा आणि बुश थोडे झिजतात आणि शंभरेक सांध्यांची ती बेरीज दिसते. तपासायचं तर फुटपट्टी लावा. नव्या चेनचे 24 दुवे बरोबर 12 इंच भरतात. सव्वा-बारा नाही, 12 आणि एक-अष्टमांश इंच भरले तरी ती गेली समजायची. पट्टी नसेल तर चेनव्हीलच्या अगदी पुढच्या टोकाला चेन चिमटीत धरून पुढे ओढा. दात्याचा बराचसा भाग उघडा पडला तर वेळ आली. ती तशीच चालवली तर ती दातेही हुकासारखे वाकडे झिजवते, आणि मग नवी चेन टाकूनही ती दात्यांवरून उड्या मारते.

चांगली चेन मिळाल्यावरही वाट सरळ नव्हती. हॅरी लॉसनने 1879 मध्येच मागच्या चाकाला चेन लावून सायकल केली होती, पण पुढचं चाक मोठंच ठेवलं आणि ती फारशी चालली नाही. 1884 ची ‘कांगारू’ आणखी मजेशीर. तिचं पुढचं चाक लहान केलं, पायडल खाली आणले आणि दोन्ही बाजूंना एकेक चेन लावून ते चाक वेगाने फिरवलं. दोन चेनमधला ढिलेपणा दर अर्ध्या फेरीला खडखडत असे. शिवाय जे चाक ओढतं तेच वळवायचं, त्यामुळे पायाचा प्रत्येक जोर हँडलला एका बाजूला खेचत राही. तरीही जॉर्ज स्मिथ नावाच्या शर्यतवाल्याने तिच्यावर 100 मैल 7 तास 11 मिनिटांत काढले.

दुसऱ्या वर्षी, सप्टेंबर 1885 मध्ये, त्याच स्मिथने तेवढंच अंतर 7 तास 5 मिनिटांत काढलं. यावेळी सायकल होती ‘रोव्हर’. बनवणारा जॉन केम्प स्टार्ली, आपल्या तारेच्या चाकवाल्या स्टार्लीचा पुतण्या. त्याने चेन मागच्या चाकाला लावली आणि पुढच्या चाकाकडे फक्त वळायचं काम ठेवलं. दोन्ही चाकं जवळपास सारख्या आकाराची झाली. आसन दोन चाकांच्या मधे आणि खाली आलं, त्यामुळे तोंडावर पडायची भीती जवळजवळ संपली. त्याच्या अगदी पहिल्या नमुन्यात हँडल आणि पुढचं चाक यांच्या मधे आडवे दांडे होते. ते लवकरच गेले आणि तिरका फोर्क थेट हँडलला जोडला गेला. इथून पुढे सायकलच्या आकृतीत मोठा बदल असा झालाच नाही. 1890 च्या आसपास चौकटीचे दोन त्रिकोण पक्के झाले, बस्स.

मात्र सगळे खूश नव्हते. मोठ्या चाकाने आजवर एक काम गुपचूप केलं होतं, त्याची किंमत आता कळायला लागली. फरसबंदीच्या दोन दगडांमधली 10 सेंटिमीटरची फट घ्या. 54 इंचाचं चाक त्या फटीत सुमारे 1.8 मिलिमीटर खाली उतरतं, 30 इंचाचं चाक 3.3 मिलिमीटर. जवळजवळ दुप्पट. तोवर चाकांवर भरीव रबराच्या पट्ट्या आल्या होत्या, पण भरीव रबर फारच थोडं दबतं. ‘सेफ्टी’ म्हणून ओळखली जाणारी ही रोव्हरच्या धाटणीची नवी सायकल सुरक्षित होती खरी, पण दगडी रस्त्यावर हात बधिर करायची. काही कारखानदारांनी चौकटीतच स्प्रिंगा बसवल्या. त्याने वजन वाढलं आणि नवे सांधे खुळखुळायला लागले.

उत्तर आलं ते सायकलच्या धंद्याबाहेरच्या माणसाकडून. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला स्कॉटिश जनावरांचा डॉक्टर. दहा वर्षांच्या मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार हादरते, म्हणून तो 1887-88 मध्ये प्रयोग करत बसला. रबराची नळी लाकडी चकतीभोवती गुंडाळली, वर तागाचं कापड खिळ्यांनी ठोकलं आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात ही चकती आणि तीनचाकीचं भरीव रबराचं चाक, दोन्ही गडगडत सोडली. भरीव चाक अंगण संपण्याआधीच आडवं झालं. हवेची चकती पार टोकाला जाऊन फाटकावर आपटून परत उसळली.

त्या अंगणात दिसलं ते असं. भरीव चाकासमोर खडा आला की सगळं चाक, आणि त्यावरचा माणूसही, खड्याच्या उंचीएवढा उचलला जातो. तो उचलायचा जोर पुढे जाण्याच्या वेगातून काढला जातो आणि पलीकडे आपटताना वाया जातो. हवेच्या टायरमध्ये खडा आत घुसतो, टायर तेवढ्याच जागी दबतो आणि खडा गेला की पूर्ववत होतो. दबलेली जागा नळीतल्या एकूण हवेच्या मानाने इतकी लहान असते की आतला दाब जेमतेम बदलतो. माणूस उचललाच जात नाही, आणि दाबलेली हवा घेतलेला जोर बराचसा परत करते. डनलॉपला हादरे कमी करायचे होते, पण त्याबरोबर वेगही वाढला. 18 मे 1889 रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम हा शर्यतवाला जाड हवेच्या टायरची सायकल घेऊन उतरला आणि भाग घेतलेल्या चारही शर्यती जिंकला.

दाबाचंही एक गणित आहे. मागच्या चाकावर 55 किलो भार आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो दाब, म्हणजे पंपाच्या भाषेत 50 पौंड, असेल तर टायर जमिनीला साधारण 16 चौरस सेंटिमीटर टेकतो. टायर कितीही जाड वा बारीक असो, हे क्षेत्रफळ मुख्यतः भार भागिले दाब एवढंच राहतं. हवा निम्मी केली की ते दुप्पट होतं, दर फेरीला जास्त रबर दुमडतं आणि सायकल ओढावी लागते. खड्ड्यात तर टायर थेट रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब दोघांच्या मधे चिमटते. अशा पंक्चरला ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोकं सापडतात. तिथे काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. उलट खडबडीत रस्त्यावर हवा दगडासारखी टिच्चून भरली तर टायर खडा गिळत नाही, उडतो, आणि आपण पुन्हा भरीव रबराच्या काळात जातो.

डनलॉपचं पेटंट 1888 चं, पण ते टिकलं नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने 1845 मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, तेही घोडागाड्यांसाठी. तो प्रकार तेव्हा महाग पडला आणि विसरला गेला. ज्या हलक्या वाहनाला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होता, ते वाहनच तेव्हा रस्त्यावर नव्हतं.

डनलॉपच्या टायरला एक मोठी खोट होती: तो रिमला कापड गुंडाळून सोल्यूशनने चिकटवलेला असायचा. पंक्चर काढायचं म्हणजे सगळं सोलायचं, ठिगळ लावायचं, परत चिकटवायचं आणि वाळेपर्यंत थांबायचं. दिवस जायचा. रस्त्यावर लोखंडी नालांचे खिळे पडलेले, त्यामुळे पंक्चरला तोटा नव्हता. म्हणून 1890-91 मध्ये सगळी धडपड सुटा टायर करण्यासाठी चालली. वेल्चने टायरच्या काठात तार घातली, जी रिमच्या खोबणीत बसते आणि निसटत नाही. बार्टलेटने काठाला जाड कड दिली, जी रिमच्या वळलेल्या ओठात अडकते. फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी आपला सुटा टायर केला. सप्टेंबर 1891 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत, सुमारे 1200 किलोमीटरवर, शार्ल तेराँ तो लावून धावला आणि 71 तासांच्या वर थोडा वेळ घेऊन पहिला आला. मिशलँ तिथून मोठे झाले, पण आजच्या बहुतेक टायरांच्या काठात वेल्चची तारच आहे.

याच सुमाराला, 1891 मध्ये, वुड्स व्हॉल्व्हही आला. आपल्याकडच्या काळ्या, उभ्या दांड्याच्या सायकलींना अजून तोच असतो. पितळी खिळ्याच्या बाजूला एक बारीक भोक आणि त्यावर चढवलेली रबरी नळी. पंप मारला की हवा भोकातून नळीला फुगवून आत जाते, आणि आतला दाब तीच नळी खिळ्यावर आवळून धरतो, म्हणून हवा परत येत नाही. उन्हाने ही नळी चिकट होते किंवा चिरते. हवा सारखी उतरते पण पंक्चर सापडत नाही, तेव्हा सायकलवाला पहिल्यांदा बोटाने व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघतो, आणि आला तर इंचभर नवी व्हॉल्व्ह ट्यूब कापून चढवतो.